चौथ्या चित्रातली आठ गुणसूत्रं

पुण्याच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या वर्गात मी एकटीच मुलगी होते. मुलं दोघं-दोघं मिळून एका मायक्रोस्कोपवर बसत, एकमेकांच्या स्लाइडी बघत, चुका काढत. मला मात्र खिडकीजवळचं वेगळं टेबल होतं. सरांनी सोयीसाठी म्हणूनच दिलेलं. दोन वर्षांत त्या टेबलाशी पाचसहा वेळाच कुणी आलं असेल, तेही स्पिरिटची बाटली मागायला.

डिसेंबरच्या चाचणीत सरांनी पेशीविभाजनावर प्रश्न घातला. पुठ्ठ्यावर चिकटवलेले सहा फोटो, सगळे कांद्याच्या पेशींचे, मायक्रोस्कोपमधून काढलेले. प्रत्येकावर आकडा. विभाजन कोणतं, अवस्था कोणती, आणि गुणसूत्रांच्या मांडणीत ते कशावरून ओळखलं, एवढं लिहायचं. चौथ्या फोटोत गुणसूत्रांचे दोन गट एकमेकांपासून दूर सरकताना दिसत होते. म्हणजे अॅनाफेज, यात शंका नव्हती. मी लिहिलं, ‘मिओसिस, पहिला अॅनाफेज. दोन्ही टोकांकडे आठ-आठ गुणसूत्रं, प्रत्येक दुहेरी.’

पेपर परत आला तेव्हा त्यावर लाल फुली होती. सर वर्गात म्हणाले, “चौथं चित्र साधं मायटॉसिसचं आहे. एकीला सोडून सर्वांनी बरोबर ओळखलंय.” मागून कुणी तरी हसलं. सहाव्या चित्राला मी ‘मायटॉसिस’ लिहिलं होतं, तिथंही फुलीच होती. मुलांकडे वरच्या वर्गाच्या वह्या होत्या, त्यात हीच सहा चित्रं उत्तरांसकट होती, हे मला फार नंतर कळलं.

जानेवारीत मला हिवतापानं गाठलं आणि मी बारामतीला घरी आले. निघताना सरांनी तोच संच अभ्यासाला दिला, आता नावांच्या पट्ट्या चिकटवलेला, आणि सोबत पेशी रंगवायच्या कारमाइनची छोटी बाटली. “नीट बघा,” एवढंच म्हणाले. त्यांचा आवाज वाईट नव्हता.

दादा, म्हणजे माझे वडील, गावात दवाखाना चालवत. आई मी लहान असतानाच गेली होती. कालव्याकाठच्या गावांतून तापाचे रोगी बैलगाड्या भरून येत आणि दादा दिवसभर त्यांच्यातच असत. ताप उतरल्यावर मी मागच्या खोलीत ते सहा फोटो मांडून बसे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला दोन घरी जाऊन आले. तिथं एकीनं विचारलं, “पुण्यात काय शिकतेस गं?” मी सांगायला लागले, तोवर ती वाण घ्यायला पुढं सरकली होती. त्यानंतर मी कुठं गेले नाही.

चौथं चित्र मला सोडत नव्हतं. पट्टी म्हणत होती मायटॉसिस. भिंगाखाली मोजलं की मला प्रत्येक वेळी एका टोकाकडे आठच दिसत. कांद्याच्या मुळाच्या पेशीत गुणसूत्रं सोळा. मायटॉसिसमध्ये प्रत्येक गुणसूत्र उभं चिरून त्याचे दोन सुटे भाग दोन टोकांना जातात, म्हणजे प्रत्येक टोकाकडे सोळा हवेत, आणि एकेरी. आठ आणि दुहेरी दिसणार ती मिओसिसमध्ये, कारण तिथं आधी गुणसूत्रांच्या जोड्या सुटतात. पण फोटो तो फोटोच. एकावर एक गुणसूत्रं पडली असतील, मी चुकत असेन. विचारायचं कुणाला?

शेवटी दादांना म्हटलं, “दुपारी दवाखाना बंद असतो तेव्हा तुमचा मायक्रोस्कोप घेऊ का?”

“घे. पण तेलाचं भिंग पुसून ठेव. उद्या मला रक्त बघायचंय.”

पाण्याच्या बाटलीवर कांदा ठेवून मी मुळं फुटू दिली. सकाळी टोकं कापून सौम्य आम्लात गरम केली, सरांनी दिलेल्या कारमाइनमध्ये रंगवली आणि काचेखाली अंगठ्यानं दाबली. चार दिवस नुसता लाल चिखल दिसला. पाचव्या दिवशी चौकोनी पेशींच्या रांगेत एक पेशी सापडली. टोकांकडे ओढल्या जाणाऱ्या बारीक बारीक व्ही आकाराच्या काड्या. एका टोकाकडच्या मोजल्या, सोळा. पुन्हा मोजल्या, सोळाच. मी मान वर केली. दवाखान्यात कुणीच नव्हतं. बाकावर एक विसरलेलं मुंडासं पडलं होतं.

आता मिओसिस हवं होतं. ते मुळांच्या टोकांत होत नाही. फुलाच्या कोवळ्या कळीत, परागकोशात होतं. वडगाव निंबाळकरचे एक आबा नातवाला घेऊन औषधाला येत. ते बियाण्यासाठी कांदा लावत. त्यांच्याकडे डेंगळे, म्हणजे टोकाला फुलांचा गोंडा येणारे कांद्याचे दांडे, मागितले.

“उमललेले नकोत आबा. गोंडा अजून पापुद्र्यात असलेले पाहिजेत.”

“आता गं ताई! कवळा गोंडा खुडायचा? त्याचं बी कुठनं व्हायचं?”

“बी व्हायच्या आधीचंच बघायचंय मला.”

ते थोडं हसले. “बघ बाई. हितं कुनी न्हाय बघत त्यात. आमी नुसतं बी मोजतो.”

दुसऱ्या खेपेला त्यांनी ओल्या फडक्यात गुंडाळून सात डेंगळे आणले. मी एकेक कळी फोडून परागकोश कारमाइनच्या थेंबात लोखंडी सुईनं चिरडत बसले. लोखंडानं रंग गडद होतो, हे सरांनीच शिकवलं होतं. कुठं कळी फार लहान, कुठं पराग तयार होऊन गेलेले. सहाव्या डेंगळ्यात सापडलं. गोल, सुट्या पेशी. काहींत मधल्या रेषेवर आठ जोड्या, जोडीतलं एक या बाजूला, एक त्या बाजूला. हा पहिला मेटाफेज. आणि शेजारच्याच पेशीत जोड्या सुटून निघालेल्या, टोकाकडे आठ-आठ, प्रत्येकाचे भाग अजून मध्याशी जोडलेले पण बाहू फाकलेले, म्हणून दुहेरी दिसणारे. हुबेहूब चौथं चित्र. चौथ्या चित्रातली पेशीही गोलच होती. आणि सहावं चित्र, ज्यावर ‘मिओसिस, पहिला अॅनाफेज’ अशी पट्टी होती, त्यात चौकोनी पेशी आणि टोकाकडे एकेरी सोळा-सोळा काड्या. दोन पट्ट्यांची अदलाबदल झाली होती.

दादा आत आले तेव्हा मी त्यांना बघायला लावलं. त्यांनी डोळा लावला, बराच वेळ ठेवला.

“मला तापाचे जंतू ओळखता येतात. यातलं काही कळत नाही,” ते म्हणाले. मग माझ्याकडे बघून, “तुला खात्री आहे?”

“आहे.”

“मग लिही तुझ्या सरांना.”

दोन्ही पेशींची चित्रं काढून, मोजणी लिहून पत्र पाठवलं. तीन आठवडे उत्तर नाही. पोस्टमन दिसला की मी दारात जाई आणि तो मान हलवी. उद्धटपणा झाला, असं वाटू लागलं. रोज स्लाइड पुन्हा बघे; कारमाइन फिकट होत चाललं होतं आणि त्याबरोबर माझी खात्रीही.

मग सरांचं कार्ड आलं. ‘तुमचे म्हणणे बरोबर आहे. फोटोंच्या मूळ काचा तपासल्या. त्या चुकीच्या पाकिटांत होत्या, आणि हे कित्येक वर्षे कोणाच्या ध्यानात आले नाही, माझ्याही नाही. वर्गात सांगितले आहे. दोन्ही चित्रांचे गुण वाढवले आहेत. परीक्षेला जरूर या.’

मी ते उभ्यानंच वाचलं. दादा निरवांगीला रोगी बघायला गेले होते. आबांचा नातू बरा झाल्यापासून तेही आले नव्हते. कंपाउंडरला म्हटलं, “मला गुण मिळाले.” तो म्हणाला, “छान छान,” आणि पुड्या बांधत राहिला.

मार्चमध्ये परत गेले. वर्गात त्या गोष्टीबद्दल कुणी बोललं नाही, माझ्याकडे बघणंही थोडं कमीच झालं होतं. प्रात्यक्षिकाच्या आदल्या दिवशी एक मुलगा खिडकीजवळ आला आणि स्लाइड पुढं करून हळूच म्हणाला, “हा दुसरा अॅनाफेज आहे का, जरा बघता?”

मी बघितलं. शेजारी-शेजारी दोन पेशी, प्रत्येकीत दोन गट, गटात एकेरी आठ. “हो, दुसराच,” मी म्हटलं. तो आभार मानून आपल्या टेबलाकडे गेला. मी पास झाले, वर्गात दुसरी आले.