उलट्या क्रमाची चिठ्ठी

ब्रह्मपुरीतल्या एका खाजगी शिकवणीत मी गणित शिकवायचे. उन्हाळ्यात तिथल्या सरांनी क्यूबचा, म्हणजे रंगीत ठोकळा फिरवून प्रत्येक बाजू एका रंगाची करायच्या खेळाचा, वर्ग काढला. वर्गाच्या शेवटी पालकांसमोर कार्यक्रम असणार होता, आणि सरावाआधी व कार्यक्रमाआधी सगळे क्यूब विस्कटून ठेवायचं काम माझ्याकडे आलं. सरांनी मला एक चिठ्ठी दिली. तिच्यावर R, U', F2 अशी अक्षरं होती.

मला त्यातलं काही कळत नव्हतं. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजला गेलं नव्हतं, त्यामुळे न कळलेलं विचारायची लाज मी फार आधीच सोडली होती. सरांनी मात्र सांगायचा कंटाळा केला. मग क्यूब हातात धरून मीच बसले. R उजवी बाजू, L डावी, U वरची, D खालची, F समोरची, B मागची. नुसतं अक्षर असलं की ती बाजू घड्याळाच्या काट्यासारखी पाव फेरा फिरवायची. अक्षरापुढे वर बारीक रेघ असली की काट्याच्या उलट. दोनचा आकडा असला की अर्धा फेरा, मग कुठल्याही दिशेने फिरवा, सारखंच.

चुकले ते डाव्या बाजूला. R ला समोरचे रंग वर जातात, म्हणून L लाही मी ते वर नेत होते. काटा पाहायचा तो त्या बाजूकडे तोंड करून, हे उशिरा लक्षात आलं. डावीकडून पाहिलं, तर L ला समोरचे रंग खाली जातात.

वाचता यायला लागलं त्याचा आनंद आठवडाभरच टिकला. सरांनी पोरांना वेगळी चिठ्ठी दिली होती, 'सोडवण्याचं सूत्र' म्हणून. एका मुलीच्या हातातली मी वाचली. ती आरमोरीहून बसने यायची. वडील स्लॅबच्या सेंट्रिंगच्या कामावर जायचे, आणि तिला चंद्रपूरच्या क्यूब-स्पर्धेत उतरायचं होतं. माझ्या चिठ्ठीचा शेवट होता F2 L D'. तिच्या चिठ्ठीची सुरुवात होती D L' F2. पुढेही तसंच. माझीच चिठ्ठी शेवटाकडून लिहिलेली, प्रत्येक फेरा उलटा. F2 तेवढा तसाच, कारण अर्धा फेरा परत घ्यायला अर्धाच फेरा लागतो.

म्हणजे पोरं काही सोडवतच नव्हती. मी विस्कटलेलं ती परत फिरवत होती.

सरांना विचारलं, तर ते चहा ओतता ओतता म्हणाले, "मॅडम, पालकांले रंग जमलेले दिसले का झालं. इथी कोण वाचून राह्यला ते?"

"ते आरमोरीची पोरगी चंद्रपूरले गेली तर तिथं क्यूब दुसराच कोणी विस्कटन, सर."

"मंग हरन. हरले का लेकरं शिकतात." आणि हसले. त्या हसण्याची किळस अजून गेली नाही.

मुलीला सांगितलं तर तिला पटेना. "माह्या हाताले पाठ आहे, मॅडम." मी क्यूब घेतला आणि हाताला येईल तसा फिरवून दिला. तिने सूत्र चालवलं. रंग आणखीच पांगले. हात चुकला असेल म्हणून तिने पहिल्यापासून चालवलं. मग तिने क्यूब मांडीवर ठेवला.

"मले त काहीच येत नाई मंग," ती म्हणाली.

त्या दिवसापासून वर्ग सुटल्यावर आम्ही दोघी बसायचो. आधी अक्षर वाचायचं, मग त्या बाजूकडे तोंड करायचं, मग हात. तीही डावीला चुकली. कार्यक्रमापर्यंत तिला पांढरा थर, म्हणजे क्यूब सोडवण्याची पहिली पायरी, स्वतःच्या डोक्याने लावता येऊ लागला. पुढचं राहिलं.

कार्यक्रमात मी क्यूब विस्कटायला नकार दिला. सरांनी ते स्वतःच विस्कटले. पोरांचे हात यंत्रासारखे चालले, टाळ्या वाजल्या, 'क्यूब मास्टर'ची चकचकीत प्रमाणपत्रं वाटली गेली. एका काकूंच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते पाहून मला सरांची जास्तच घाण वाटली. मुलीने तिचा क्यूब आईकडून फिरवून घेतला होता. तिचा एकच थर लागला. तिला प्रमाणपत्र मिळालं नाही. "ह्या मॅडमनं बिघडवली पोरगी," सर माईक बंद न करताच बोलले.

मी ती शिकवणी सोडली. मुलगी आणि तिचे आईवडील यांच्यासोबत बस स्टँडपर्यंत चालत गेले. वडिलांनी वाटेत तिला विचारलं, "बाकीच्याइचं पुरं झालं. तुयं काऊन नाई झालं वो?"

तिने क्यूब त्यांच्या हातात दिला. "फिरवा बाबा. कसाई फिरवा."

सिमेंटने भेगाळलेल्या बोटांनी त्यांनी तो फिरवला, जपून, तुटेल म्हणून. तिने परत घेतला, डाव्या बाजूकडे मान वळवली आणि सुरुवात केली. आरमोरीची बस लागली, तेव्हा पांढऱ्या थराचा एक कोपरा राहिला होता. ती क्यूबकडे पाहतच बसमध्ये चढली, आणि आईने तिचा दंड धरून ठेवला.