पान तिचं बरोबर होतं

येरवड्याच्या आमच्या कारखान्याचं नेटवर्क मी सांभाळत असे. विश्रांतवाडीचं युनिट व्हीपीएनने, म्हणजे इंटरनेटमधूनच काढलेल्या खासगी वाटेने, जोडलेलं. यंत्रभागांची ड्रॉइंग दाखवणारं पान नव्या प्रोग्रामर मुलीने बनवलं. ती अकोल्याकडची, अजून प्रोबेशनवर. येरवड्यात पान झटकन उघडायचं. विश्रांतवाडीत लॉगिन व्हायचं, ड्रॉइंगचं पान मात्र पांढरंच राहायचं.

ती बिचारी चित्रं काढून टाकी, पान लहान करी. तरी अडकायचंच. दोन ओळींचं पान केलं, ते उघडलं.

मीटिंगमध्ये मी म्हणालो, "पिंग येतंय, तिकडून हाकेला उत्तर मिळतंय. लाइन ठणठणीत आहे. पानच जड आहे."

"सर, जड पान हळू उघडेल. हे उघडतच नाही," ती म्हणाली.

"मग हलकं करायला शिका."

सगळे हसले. तिला कायम केलं नाही.

ती गेल्यावरही पान अडकतच होतं. एका दुपारी मी, ते पान जिथून जायचं त्या येरवड्याच्या सर्व्हरवरून विश्रांतवाडीला मोठं पिंग पाठवलं, तुकडे करू नयेत अशी अट घालून. काहीच आलं नाही. पिंगचा आकार कमी केला, उत्तर आलं. मी गोंधळलो. मोठं जात नसेल तर 'मोठं आहे, लहान पाठव' असा निरोप तरी यायला हवा होता. माहिती छोट्या छोट्या पाकिटांतून जाते; व्हीपीएन प्रत्येक पाकिटाला स्वतःचं वेष्टण घालतं, त्यामुळे आत जागा कमी उरते. न मावणारं पाकीट टाकून देऊन व्हीपीएनचा राउटर सर्व्हरला तो निरोप पाठवतो. मग निरोप जातो कुठे?

तो माझ्याच फायरवॉलमध्ये, नको ते अडवणाऱ्या पहाऱ्यात, मरत होता. सुरक्षेसाठी म्हणून मी पिंग तेवढं चालू ठेवून त्या जातीचे बाकी सगळे निरोप बंद केले होते. सर्व्हरला काही कळतच नव्हतं. तो तेच मोठं पाकीट पुन्हा पुन्हा धाडत बसायचा. दोन ओळींचं पान एका लहान पाकिटात मावून निघून जायचं.

तो निरोप मी सुरू केला. पान उघडलं. साहेबांना सांगितलं, "लाइन सुधारली."

ते वाक्य तोंडून कसं निघालं, हे मला आजही उमगत नाही. मीटिंगमध्ये मला खरंच ठाऊक नव्हतं, की निरोप अडवणारा नियम मीच लिहिलाय हे मनाच्या कोपऱ्यात कुठेतरी आठवत होतं? कधी वाटतं, ठाऊक नव्हतं; कधी वाटतं, आठवत होतं.

इतक्या वर्षांनी, गेल्या महिन्यात तिचा नंबर मिळवला आणि सगळं सांगितलं. ती म्हणाली,

"सर, ते पान मी घरी किती वेळा तपासलं असेल! चूक सापडेना, म्हणून वाटायचं, आपल्याला काही येतच नाही."

मी माफी मागितली.

"अहो, मला काय सांगता? त्या मीटिंगमध्ये हसले, त्यांना सांगा."

त्यांतले दोघे वारले. बाकीच्यांचे पत्ते माझ्याकडे नाहीत. म्हणून इथे लिहितो, कुणाच्या तरी वाचनात येईल: पान तिचं बरोबर होतं. नियम माझा चुकला होता.