पानमळ्यातली जळू

फोटो बघून सही करा, असं मला आमच्या विभागप्रमुखांनी सांगितलं, तेव्हाच माझं डोकं फिरलं होतं. पुढच्या जूनमध्ये मला कॉलेजात परत घेतलं नाही, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटी कुणी हळहळायला नको. मला त्याचं वाईट वाटलं होतं, पण पश्चात्ताप झाला नाही. आजही होत नाही.

बहात्तरच्या दुष्काळाच्या आधीची गोष्ट. श्रीरामपूरकडच्या एका कॉलेजात मी प्राणिशास्त्राची प्रात्यक्षिकं घ्यायची. नेमणूक तात्पुरती. भाद्रपदात एक दिवस प्रमुख एका गृहस्थांना घेऊन प्रयोगशाळेत आले. बेलापूरच्या बाजूचे मोठे बागायतदार, कॉलेजच्या कमिटीवर वजन असलेले. त्यांनी टेबलावर तीन फोटो टाकले. गावच्या स्टुडिओवाल्याला शेतावर नेऊन काढून घेतलेले, काळेपांढरे, ओल्या मातीचे.

"आमच्या धाकट्या भावजयीचा पानमळा हाय," ते म्हणाले. "भाऊ गेला, आता तीच बघती. मळ्यात जळवा झाल्यात. पानं खुडणाऱ्या बायांच्या पायाला रगात लागतंय, बाया आत पाय ठेवंनात. पान वेलावरच पिकून पिवळं पडाय लागलंय. पावडर टाकायची म्हनलं तर भावजय ऐकत न्हाई. म्हनती, कॉलेजातनं लिहून आणा, मग टाका. तेवढं लिहून द्या."

पावडर म्हणजे बीएचसी, कीटकनाशक. त्या काळी लोक ती हातानं पिठासारखी उधळायचे. मी म्हटलं, "पान लोक कच्चं तोंडात घालतात, धुतलं तर धुतलं. त्यावर विष टाकायचं?"

"तुम्ही फक्त जळू आहे का ते लिहा," प्रमुख म्हणाले.

मी भिंग घेतलं. पहिल्या फोटोत सरळ सरळ गांडुळं होती. अंगभर वळी, आणि तोंडाच्या बाजूला फिकट रुंद पट्टा. जळवेला असा ठळक पट्टा नसतो. दुसऱ्यात नाडीसारखा चपटा, लांबलचक कृमी होता. अंगाला वळी नाहीत, पाठीवर उभे पट्टे आणि डोकं पसरट, पंख्यासारखं. चपटकृमी. तो गांडुळं खातो, एवढाच त्याचा गुन्हा. ना माणसाला चावतो, ना वेल कुरतडतो. तिसऱ्यात मात्र चिखलात एक काळा, फुगीर गोळा होता. हललेला फोटो, शेजारी काडीसुद्धा ठेवलेली नाही, मग आकार कळणार कसा? जळू अंग आखडते तेव्हा अशी दिसते. बिनशंखाची गोगलगायही तशीच दिसते. दोन टोकांच्या, चिकटून धरायच्या चकत्या दिसल्या असत्या तर मी डोळे मिटून जळू म्हटलं असतं.

"पहिलं गांडूळ, दुसरा चपटकृमी. दोन्ही निरुपद्रवी," मी म्हटलं. "तिसऱ्याचं मळा बघितल्याशिवाय लिहिणार नाही."

"इथं कुणी तुमचं मत विचारलेलं नाही," प्रमुख म्हणाले. "नेमणूक तात्पुरती आहे, हे लक्षात असू द्या."

लक्षात होतंच. विसरू कोण देत होतं?

रविवारी एस.टी.नं गेले. मळ्याच्या कुडाबाहेर खुडणाऱ्या बाया बसून होत्या. भावजय माझ्याच वयाची, पदर खोचलेली. बागायतदार आधीच हजर. पानमळ्यात चपला घालून जात नाहीत, पाय धुऊन जायचं, हा रिवाज मला ठाऊक होता. मी चपला काढल्या, तेवढ्यात त्यांनी विचारलं, "बाई, तुमी कुठल्या म्हनायच्या?"

गाव सांगितलं. मग आडनाव विचारलं, तेही सांगितलं. छप्पन सालानंतर आमचं घर बौद्ध झालं, हेही सांगितलं, म्हणजे अंदाज बांधायचे कष्ट वाचले.

ते भावजयीकडे वळले. "मळा देवाचा असतुय. कुनालाबी आत घ्यायचं म्हंजे…"

"लिहून आनाय तुमीच गेला हुता न्हवं, भावजी?" ती म्हणाली. "मग त्या आत बी येतील."

"मंग पाय तरी नीट धुवा. हौदात उतरून धुवा. घोट्यापतूर."

अंगाचा असा तिळपापड झाला की तिथूनच मागे फिरावं. पण फिरले असते तर सोमवारी दुसऱ्या कुणाच्या सहीनं मळ्यावर पावडर पडली असती. उतरले हौदात. म्हशी डुंबायचा हौद तो, कडेला शेवाळ. "अजून," ते म्हणाले. मी अजून चोळले. "टाचा," ते म्हणाले. टाचा घासल्या. त्यांचं समाधान होईतो उभी राहिले आणि मनात त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

आत गेले. शेवरीची गार सावली, ओली माती. भावजयीनं खुरप्यानं माती उकरली. एक गांडूळ उचलून मी तिच्या बोटावर उलटं ओढलं. "खरखरतंय," ती म्हणाली. त्याचे बारीक केस लागतात ते. जळू गुळगुळीत असते. पाल्याखाली एक चपटकृमी गांडुळाला चिकटलेला सापडला. "चावत नाही, पण ह्याच्या चिकट्यानं हात चुणचुणतो. काडीनं उचलून टाका," मी सांगितलं. वाफ्यामागून वाफा बघितला. जळू नव्हती.

"बाई, तुमच्या पायाला रगात," ती एकदम म्हणाली.

बघते तर घोट्यामागून ओघळ. आणि तिथंच, काडेपेटीच्या काडीएवढी असावी, ती बोटासारखी फुगलेली. दुखलं नव्हतं, खाजलंही नव्हतं. जळू चावते तेव्हा जागा बधिर करते आणि रक्त गोठू देत नाही. पोट भरलं की गळून पडते, चिखलात, काळा गोळा होऊन. तिसरा फोटो तिथं माझ्या पायावर लटकत होता.

मी मळ्यात शिरून माती उकरत होते, पण ही मातीतली नव्हेच. ही म्हशींची, पाण्यातली. बाया रोज सकाळी रिवाजाप्रमाणे त्या हौदावर पाय धुवायच्या, जळू तिथं लागायची आणि रक्त दिसायचं मळ्यात. साप साप म्हणून भुई धोपटायचं चाललं होतं.

नखानं कडेकडेनं सोडवून ती बाटलीत घातली. बाहेर येऊन भिंगाखाली सगळ्यांना दाखवली. दोन टोकांना दोन चकत्या, एकीनं धरते, दुसरीनं पुढं होते. बाया वाकून वाकून बघत होत्या. बागायतदारांनी बघितलं नाही.

"एक जळू हितं घावली न्हवं? मंग लिहा तसं," ते म्हणाले.

मी तिथंच कुडाला कागद टेकवून लिहिलं: मळ्यातल्या मातीत जळवा नाहीत. हौदात आहेत. मळ्यात पावडर टाकू नये. हौद उपसून उन्हात कोरडा करावा. खाली सही केली आणि कागद त्यांना न देता भावजयीच्या हातात दिला.

"कॉलेजात कळवावं लागंल मला," ते म्हणाले.

"कळवा," मी म्हटलं. "पाय धुवायला कुणी लावले तेही कळवा."

भावजयीनं कागद पोलक्यात खोचला. "भावजी, हौद तुमचा हाय," ती म्हणाली. "म्हशी बी तुमच्याच. उद्या उपसून घ्या." मग तिनं विहिरीचं पाणी शेंदून घागर बायांपुढे ठेवली. बायांनी पाय धुतले आणि एकेक करून मळ्यात गेल्या.

माझं रक्त काही थांबत नव्हतं. ती चिंधी आणायला निघाली, मी नको म्हटलं. चपला घातल्या आणि गावातून, पारावरून, लोक बघत असताना, तसाच पाय घेऊन एस.टी.पर्यंत चालत गेले.