वर्तुळातल्या खुर्चीत बसणारा मद्दिलेटी

आंध्रातल्या नंद्यालमध्ये बँकेच्या परीक्षांची तयारी करून घेणाऱ्या एका क्लासमध्ये मी अकरा वर्षं रीझनिंग शिकवतोय. फळ्यावर गोल काढायचा, त्याच्याभोवती सहा किंवा आठ रेघा मारायच्या आणि कोण कुणाच्या डावीकडे बसलंय ते पोरांकडून काढून घ्यायचं, हा माझा रोजचा उद्योग. मद्दिलेटी आला तेव्हा या कामात आपल्याला आता शिकण्यासारखं काही उरलेलं नाही, असं मला वाटत होतं.

तो पहिल्या बाकावर भिंतीला खेटून बसायचा. आठव्या वर्षी तापात त्याची दृष्टी गेली होती. वडील बनगानपल्लीजवळच्या फरशीच्या खाणीत कामाला. कर्नूलच्या कॉलेजातून बी. ए. करून तो इथे आला होता. तिसऱ्या की चौथ्या दिवशी मी खडू आपटत म्हणालो, "आता हा इथे आला, म्हणून ती तिथे गेली. कळलं?"

"सर," तो शांतपणे म्हणाला, "'इथे' म्हणजे कुणाच्या उजवीकडे?"

वर्गात हशा पिकला. मीही हसलो, पण तो हसला नाही. तो खरंच विचारत होता. त्या दिवसापासून मी 'इथे' आणि 'तिथे' हे शब्द सोडले. आश्चर्य म्हणजे मागच्या बाकांवरच्या पोरांनाही अचानक जास्त समजायला लागलं.

या कोड्यांमध्ये भले भले गडबडतात ते एकाच जागी. सगळे मध्याकडे तोंड करून बसले असतील तर काही अडत नाही. पण निम्मे मध्याकडे आणि निम्मे बाहेर तोंड करून बसले, की डावं-उजवं उलटतं. आम्ही डोळस लोक टेबलाकडे वरून बघतो, घिरट्या घालणाऱ्या घारीसारखे. मग घड्याळाच्या दिशेने की उलट, हे घोकून पाठ करावं लागतं. मद्दिलेटीला वर कुठे जाताच येत नव्हतं. एकदा मी विचारलं, "तू करतोस तरी कसं रे?"

"मी त्या खुर्चीत जाऊन बसतो सर. बाहेर तोंड असलं तर वळून बसतो. मग उजवा हात माझाच की! तो कुठे आहे ते पाठ कशाला करायचं?"

तरी पहिल्या वर्षी तो प्राथमिक परीक्षेतच थोडक्यात अडला. गणितातल्या आकडेवारीच्या तक्त्यांनी दगा दिला. गावी जाऊन आठ दिवसांत परत आला. "घरी आई रडते, इथे निदान तुम्ही ओरडता," म्हणाला आणि पुन्हा भिंतीकडेला बसला.

पुढच्या श्रावणात आमची मोठी सराव परीक्षा झाली. एकशे ऐंशी मुलं. पेपर मी स्वतः काढला होता, आणि त्यातलं एक गोल टेबलाचं कोडं माझ्या फार आवडीचं होतं. सहा जण. पुष्पाचं तोंड मध्याकडे. रमणा तिच्या बरोबर समोर, पण तोंड बाहेर. शारदा पुष्पाच्या डावीकडे दुसरी. गिरी रमणाच्या लगेच उजवीकडे. कमला पुष्पाला लागून. सहावा मोहन. प्रश्न असा होता: पुष्पा आणि गिरीच्या मध्ये कोण? माझं उत्तर होतं कमला. जवळजवळ सगळ्यांनी तेच लिहिलं होतं.

मद्दिलेटीने तो प्रश्न सोडून दिला होता. उत्तरं सांगताना मी त्याला छेडलं, "काय रे, एवढा सोपा सोडलास? झोप लागली होती?"

"सर, याला उत्तर नाही."

मागून कुणीतरी ओरडलं, "अन्ना, सगळ्यांना आलं, तुलाच नाही आलं म्हण की!"

तो उभा राहिला. "मी पुष्पाच्या खुर्चीत बसलो. समोर रमणा. माझ्या डावीकडची दुसरी शारदा, म्हणजे ती रमणाच्या शेजारी. मग उठून रमणाच्या खुर्चीत गेलो. तो बाहेर बघतो, म्हणून मी टेबलाकडे पाठ केली. उजवा हात शारदेकडे गेला नाही, दुसऱ्या बाजूला गेला. तिथे गिरी. इथपर्यंत ठीक. आता उरल्या दोन खुर्च्या. एक पुष्पाच्या उजवीकडे, एक डावीकडे. कमला पुष्पाला लागून आहे म्हणता. पण सर, दोन्ही खुर्च्या पुष्पाला लागूनच आहेत! मग मध्ये कमला असेल, नाहीतर मोहन."

मी फळ्यावर आकृती काढली. मग दुसरी काढली. दोन्ही सगळ्या अटींत बसत होत्या. शेवटची अट कुचकामी होती. मी ती घातली, कमलाला पहिल्या बसेल त्या खुर्चीत बसवलं आणि समाधानाने थांबलो होतो. बाकीची मुलंही तिथेच थांबली होती.

कानाची पाळी गरम झाली, खोटं कशाला सांगू? पण मी खडू खाली ठेवला आणि म्हणालो, "चूक माझी आहे. हा प्रश्न रद्द. बरोबर एकट्या मद्दिलेटीचं."

"सोडलेल्याला मार्क मिळतात का सर?" त्याने निरागसपणे विचारलं, आणि यावेळी हसू सगळ्यांचं एकच होतं.

त्यानंतर क्लास सुटला की पोरं त्याला गच्चीवर न्यायची. तो आठ जणांना गोल बसवायचा, चौघांना मध्याकडे पाठ करून. "श्रीलता, तुझ्या उजवीकडे तिसरा कोण? मान वळवू नकोस, उजवा हात लांब कर!" श्रीलता दोन वर्षं डाव्या-उजव्यात अडकलेली होती. पंधरा दिवसांत ती सुटली.

मुख्य परीक्षेला लेखनिक म्हणून त्याच्याबरोबर रुखसाना गेली. त्याच्या मेसशेजारी शिवणकाम करणारी, बारावी झालेली बाई. पुढचं मला तिनेच सांगितलं. आठ जणांचं कोडं होतं, निम्मे बाहेर बघणारे. ती वाचत होती, तो बोटांनी गुडघ्यावर काहीतरी मोजत होता. मध्येच थांबला.

"अक्का, एका खुर्चीत दोघं येतायत. चौथं वाक्य परत वाच."

"बरोबर वाचलंय रे, वेळ जातोय!"

"चौथं. सावकाश."

तिने एकेक शब्द सुटा करून वाचलं. 'डावीकडे'च्या जागी तिने 'उजवीकडे' वाचलं होतं. "तुला कसं कळलं चौथंच ते?" तिने नंतर विचारलं. तो म्हणाला, "बाकीच्या सगळ्यांना आपापली खुर्ची मिळाली होती. चौथ्या वाक्यातल्याला बसवायला गेलो, तर आधीच कुणीतरी बसलेलं. भांडण लावणारा तोच."

त्या कोड्याचे पाचही प्रश्न त्यांनी सोडवले. सगळा पेपर काही झाला नाही. शेवटचे काही राहिलेच. निकाल लागला तेव्हा मी वर्गात होतो. श्रीलता धावत आली, तिचं स्वतःचं नाव यादीत नव्हतं, तरी ओरडली, "सर, अन्ना लागला!"

आळ्ळगड्ड्याच्या शाखेत रुजू होऊन त्याला आता दोन वर्षं झाली. रविवारी कधीकधी येतो. आम्ही स्टँडजवळ चुरमुऱ्यांची उग्गाणी आणि मिरची भजी खातो. शाखेतले लोक कसे वागतात, विचारलं तर म्हणाला, "पहिला आठवडा सगळे माझ्याशी मोठ्यांदा बोलायचे. मी म्हटलं, अहो, मला दिसत नाही, ऐकू येतं!"

नवा पेपर काढला, की छापायला देण्याआधी मी त्याला फोनवर वाचून दाखवतो. मागच्या महिन्यात एका कोड्यावर तो बराच वेळ गप्प राहिला.

"काय झालं?" मी घाबरून विचारलं.

"काही नाही सर, छान बसलेत सगळे. थोडा वेळ बसू द्या त्यांना."