समतोल आहाराचा पाठ

लातूर नुकता जिल्हा झाला होता, आणि त्या साली पाऊस नव्हता. आम्ही बी.एड.च्या मुली चाकूरजवळच्या एका शाळेत सराव पाठ घ्यायला गेलो. आदल्याच दिवशी आमच्या सरांनी, भरपेट जेवून, गरजांची उतरंड शिकवली होती: आधी पोट, मग निर्धास्तपणा, मग माया, मग मान, शिकण्याची ओढ त्यानंतर.

माझा पाठ समतोल आहाराचा होता. टेबलावर भाकरी, गूळ, शेंगदाणे मांडले. साधनं खरीच हवीत, हा सरांचा हट्ट.

"भाकरीतून शरीराला काय मिळतं?" पहिल्या बाकावरच्या मुलीला मी दोनदा विचारलं.

तिची नजर भाकरीवरच. "बाई, ही कुणाला देनार हाय?"

पाठ तपासायला मागे बसलेल्या आमच्या सरांनी उठून तिच्या बोटांवर पट्टी हाणली. मग सगळा वर्ग पट्टीकडेच बघत बसला. मघाशी घडाघडा वाचणारा मुलगाही फळ्यावरच्या एका ओळीत अडखळला.

घंटा झाली. सरांनी भाकरी पिशवीत भरायला लावली. शेजारच्या वर्गात पुन्हा तोच पाठ होता.

बाहेर पडताना म्हणाले, "छान झाला पाठ. मुलांची नजर साधनावरून हलत नव्हती."