जिवलीची हंडी

जिवलीचं नाव काढलं की माझ्या अंगाची आग होते. खोटं कशाला बोलू? वैशाखरे गावाला, घाटाच्या रस्त्यावर भगीरथशेटचं हॉटेल हाय. तिथं आमी दोघी सात वर्षं राबतोय. ती पुढच्या चुलीवर मातीच्या हंडीत गावठी कोंबडी शिजवायची, गिऱ्हाइकं तिचे फोटो काढायची. मी मागं धुरात भाकऱ्या थापायची. मला ती पुढची चूल हवी होती, बस्स.

शेट म्हणायचा, "शकू, तुझ्या हातात हंडी टिकत नाय." दोन फुटल्या माझ्या, कबूल. जिवलीची एकच हंडी तीन वर्षं चालली. नवी आणली तेव्हा बाईनं ती रात्रभर पाण्यात भिजवली, मग चार दिवस तिच्यात नुसती पेज शिजवली. रोज चुलीवर चढवताना आधी खाली चार निखारेच. हंडी हाताला ऊन लागली की एक काटकी, थोड्या वेळानं दुसरी. मग मंद आचेवर दीड तास. वरून पाणी लागलं तर कढतच घालायचं, आणि उतरवली की चुंबळीवर ठेवायची, गार फरशीवर नाय. एवढा वेळ कोणाला असतो गो? पण तिला होता. मेली वर गुणगुणत बसायची!

त्या रविवारी बारा जणांची ऑर्डर होती. हंडी चढून तास झाला आणि जिवलीला निरोप आला, सासू अंगणात पडली. ती पदर खोचत निघाली. "शकू, लगेच येते. रस आटला तर टोपातलं कढत पाणी घाल. गार नको हां."

रस आटला. टोप शेजारीच वाफाळत होता. मी माठाकडे गेले, तांब्या भरला आणि हंडीत ओतला.

तड्‌कन आवाज झाला. बुडापासून काठापर्यंत चीर गेली, रस्सा निखाऱ्यांवर सांडून राख उडाली. मला बरं वाटलं. खरंच वाटलं.

शेट ओरडत आला, त्याच्या मागोमाग जिवली धापा टाकत. तिनं हंडी बघितली, माझ्या हातातला तांब्या बघितला. तिला काय सांगायचं राहिलं होतं?

"शेट, माझं चुकलं," ती म्हणाली. "जाताना विस्तव ओढायचा राहिला."

"उद्यापासून ही चूल शकूची," शेट म्हणाला. "तू भाकऱ्या बघ."

शेट गेल्यावर मीच विचारलं, "माझं नाव का नाय घेतलंस?"

"चूल हवी होती तर मागायची होतीस. शिकवलं असतं मी. हंडीनं तुझं काय वाकडं केलं होतं?"

मला वाटलं आता शिव्या देईल, दोन ठेवून देईल. ती माझ्याकडे बघेचना. खाली बसली, खापरं एकेक करून पदरात घेतली आणि हमसून रडायला लागली. सात वर्षं शेजारी राबले मी तिच्या. मला तर त्या खापरांचाच हेवा वाटला.