बरोबर अर्धी जागा

मनकर्णा वानखडेचा राग अमरावतीच्या त्या आरोग्य कचेरीत सगळ्यांना ठाऊक होता. चपराश्यापासून हेडक्लार्कपर्यंत सगळे तिला बाई म्हणत, पण ती टेबलावरून उठली की आधी तिच्या कपाळाकडे बघत. कपाळाला आठी असली तर त्या दिवशी कोणी तिच्याकडे फाईल सरकवत नसे. लोक म्हणत, बाई तोंडाची फटकळ आहे. आता खरं सांगायचं तर ज्या बाईला रोज चांगल्या कारणानं चिडावं लागतं, तिला फटकळ म्हणणं हा निव्वळ आळशीपणा आहे.

गावातल्या वस्तीतून शिकायला आलेली ती पहिली मुलगी. छप्पन साली घरच्यांसोबत तिनं दीक्षा घेतली, पुढं बी.ए. झाली आणि भाषांतराच्या जागेवर लागली. वरून इंग्रजी मजकूर यायचा, त्याचं मराठी ती करायची. तिचं मराठी साधं असे. वस्तीतल्या गोदाबाईला कळलं पाहिजे, पुंजारामला कळलं पाहिजे, एवढीच तिची कसोटी.

बासष्ट-त्रेसष्टच्या सुमाराला देवीच्या लसीची मोठी मोहीम निघाली. कचेरीनं भिंतीवर लावायचं पोस्टर काढायचं ठरवलं. वर चित्र आणि खाली दोन भाषा. प्रसिद्धीचं काम पुराणिक साहेबांकडे. साहेबांनी स्वतः पट्टी घेऊन कागदावर चौकटी आखल्या. डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी, मधोमध रेघ.

"बघा बाई, बरोबर अर्धं-अर्धं. तुमच्या मराठीवर अन्याय नको," साहेब हसत म्हणाले.

मनकर्णाच्या कपाळाला आठी पडली. "साहेब, अर्ध्यात मराठी मावणार नाही. इंग्रजीत 'फ्री टू ऑल' म्हटलं की झालं. आपल्याला ते सांगायला दोन वाक्यं लागतात. शिवाय आपल्या अक्षराला वर मात्रा, वेलांट्या अन् खाली उकार. दोन ओळींत जास्त जागा सोडावी लागते. आधी मराठी जुळवून घेऊ, किती जागा खाते ते मोजू, मग रेघ मारू. रेघ थोडी डावीकडे सरकवली की काम झालं."

"आणि इंग्रजी कोपऱ्यात ढकलू? अहो, मूळ मजकूर इंग्रजी आहे."

"मूळ असेल, पण वाचणार कोण आहे?"

साहेबांनी कागदाची गुंडाळी केली. चर्चा संपली, असा त्याचा अर्थ. मनकर्णानं मग मजकूर जितका आवळता येईल तितका आवळला. शेवटच्या ओळीला मात्र तिनं हात लावला नाही. ती ओळ होती, 'ही लस फुकट आहे. सगळ्या वस्त्यांतल्या सगळ्यांना टोचून मिळेल.' ती ओळ कोणासाठी आहे, हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती. तिच्या लहानपणी टोचणारा गावात यायचा, चावडीवर बसायचा आणि वस्तीत न येताच परत जायचा. कधी आलाच तर सोबतचा शिपाई कोंबडी मागायचा.

मजकूर छापखान्यात गेला आणि मनकर्णा कचेरीच्या कामानं चार दिवस अकोल्याला गेली. परत आली तेव्हा पोस्टरं गावोगाव रवाना झाली होती. टेबलावर दुसऱ्या कामांचा ढीग वाट बघत होता. पोस्टर बघायचं राहून गेलं.

महिन्याभरानं निरोप आला, भागीरथा आत्याच्या नातवाला देवी आल्या. मनकर्णा बडनेऱ्यापर्यंत रेल्वेनं आणि पुढं बैलगाडीनं गावी पोचली. पोरगं वाचलं होतं. चार वर्षांचा श्रावण आजीच्या मांडीवर निजला होता, आणि त्याच्या डाव्या बुबुळावर पांढरा पडदा आला होता. तो डोळा गेला होता.

"टोचणारा नव्हता आला का?" मनकर्णानं विचारलं.

"आला होता ना," आत्या म्हणाली. "चावडीवर बसला होता दोन दिवस. आमाले काय मालूम का तो आमच्यासाठीबी आला? मोतीरामनं कागद वाचला, त्यात तं काई नव्हतं."

मोतीराम म्हणजे श्रावणचा बाप. सातवी शिकलेला. मनकर्णा तडक चावडीकडे गेली. भिंतीवर तिचंच पोस्टर होतं. डाव्या चौकटीत इंग्रजी ऐसपैस बसलं होतं, वर-खाली मोकळी जागा सोडून. उजवीकडे मराठी दाटीवाटीनं कोंबलं होतं, आणि शेवटची ओळ नव्हतीच. तिच्या अंगाची लाही लाही झाली.

दुसऱ्या दिवशी ती कचेरीत गेलीच नाही. सरळ नत्थुजींच्या छापखान्यात शिरली. "माझी ओळ कोणं खाल्ली, नत्थुजी?"

नत्थुजी म्हातारे, धंद्यात मुरलेले. चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "बाई, मी काय करू? इंग्रजीएवढाच डब्बा देल्ला तुमच्या साहेबानं. टाईप बारीक केला तं भिंतीवर दिसत नाई. ओळी भिडवल्या तं वरचा उकार खालच्या रफारावर बसते. मी फोन केला. साहेब म्हणे, शेवटची ओळ काढून टाका."

"अन् तुमी काढली!"

"काढली. गिऱ्हाईक म्हणन ते करतो मी. तुमाले विचाराचं सुचलं नाई, हे खरं हाय."

"आता मी म्हणतो ते करा. तेच दोन वाक्यं, मोठ्या लाकडी टाईपात. इंग्रजीच्या चौकटीएवढी चिठ्ठी छापा."

चिठ्ठ्या आल्या. कचेरीत उरलेल्या पोस्टरांच्या गठ्ठ्यावर मनकर्णा खळ घेऊन बसली आणि एकेका पोस्टरचं इंग्रजी झाकत सुटली. पुराणिक साहेब दारात येऊन उभे राहिले, तरी तिचा हात थांबला नाही.

"बाई! हे काय चालवलंय? सरकारी पोस्टर आहे ते. पुढच्या आठवड्यात वरचे लोक पाहणीला येणार. त्यांना वाचायला काय ठेवलंत?"

मनकर्णा उठली. इतकी वर्षं कचेरीत सांभाळलेली पुस्तकी भाषा तिनं तिथंच सोडली.

"त्यायले नाई वाचता आलं तं काय होईन, साहेब? सांगा ना. त्यायच्यातल्या कोणाचा डोळा जाईन?"

साहेबांना कशाबद्दल बोलणं चाललंय तेच कळलं नाही, आणि त्यांनी विचारलंही नाही. आपल्या खोलीत जाऊन त्यांनी मनकर्णाला मेमो लिहायला घेतला. त्या मेमोनं पुढं तिची अकोल्याला बदली झाली. तिथंही ती आधी मराठी जुळवायला लावायची आणि नंतर रेघ मारू द्यायची. फटकळ हे नाव तिच्या आधीच तिथं पोचलं होतं.

पण त्या आठवड्यात, बदलीच्या आधी, ती चिठ्ठ्या घेऊन पुन्हा गावी गेली. चावडीपाशी मोतीराम भेटला. तिनं एक चिठ्ठी त्याच्या हातात दिली आणि दुसरीला खळ लावू लागली. मोतीरामनं चिठ्ठी सावकाश वाचली. मग पुन्हा वाचली.

"अक्का, हे आदी काहून नाई लिहलं?"

"लिहलं होतं रे. जागा नाई पुरली."

मोतीरामनं मान वर करून पोस्टरकडे बघितलं. इंग्रजीच्या चौकटीवर बोट ठेवून त्यानं विचारलं, "अन् ह्याच्यात काय लिहलं हाय?"

"तेच," मनकर्णा म्हणाली.